शेवटचा कांदा कधी विकला? – एका यूएक्स संशोधनाचा आढावा

युजर रिसर्चमध्ये येऊ पाहणारे मला नेहमी विचारतात, "तुम्ही नेमकं करता काय, आणि त्याने प्रॉडक्टमध्ये खरंच काही बदलतं का?" याचं उत्तर मी एका कामावरून देते. कांद्याचे बाजारभाव दाखवणाऱ्या एका ॲपसाठी मी निफाड, येवला आणि चांदवड तालुक्यांत हे काम केलं होतं.

टीमपुढचा प्रश्न असा होता: लोक रोज ॲप उघडतात, भाव बघतात आणि काही सेकंदांत बंद करतात. यावर उपाय म्हणून पुढच्या आठवड्याचा भाव सांगणारं 'भाव अंदाज' हे फीचर बांधायचं जवळपास ठरलं होतं. शेतकऱ्यांना ते हवंय का, एवढंच मला तपासून यायचं होतं.

पहिल्या दोन मुलाखतींत मी तेच विचारलं. "पुढच्या आठवड्याचा भाव आधी कळला तर उपयोग होईल का?" दोघेही लगेच हो म्हणाले. गाडीत बसून टिपणं वाचली तेव्हा लक्षात आलं, की या प्रश्नाला कुणीही नाही म्हणणार नाही. पुढचा भाव कुणाला नको असतो? शिवाय लांबून आलेल्या पाहुणीचं मन मोडायचं नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. मग प्रश्नावली बदलली. उरलेल्या दहा जणांना पहिला प्रश्न एकच होता: "शेवटचा कांदा कधी विकला? आदल्या दिवसापासून सांगा." जमेल तिथे ही मुलाखत घरात न घेता कांदा साठवायच्या चाळीशेजारी उभं राहून घेतली.

आता माहिती येऊ लागली. येवल्याकडच्या एका काकांनी सांगितलं, की चाळीच्या खालच्या थरातून वास यायला लागला, कांद्याला कोंब दिसले, म्हणून माल काढायचं ठरलं. दुसऱ्याला मजुरांचे पैसे द्यायचे होते, तिसऱ्याच्या घरी लग्न होतं. कांदा कधी काढायचा हे दहापैकी एकाच्याही सांगण्यात भावाने ठरलं नव्हतं. भावाचा उपयोग दुसरीकडे होत होता. माल काढायचा म्हटल्यावर संध्याकाळी पिकअपवाल्याला फोन करायचा, आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "लासलगावला न्यायचा की दुसरीकडे?" त्या क्षणी भाव लागतो. आमचं ॲप मात्र भाव पाठवायचं सकाळचे लिलाव सुरू झाल्यावर. तोपर्यंत गाडी बाजार समितीच्या आवारात रांगेत उभी असायची.

ही मला या कामातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते, आणि मत विचारून ती कधीच हाती आली नसती. माणूस पुढे काय करेल हे त्यालाही नीट सांगता येत नाही, पण मागच्या वेळी काय केलं ते तो फोनच्या कॉल लिस्टसकट दाखवतो.

तरी दहा जणांच्या बोलण्यावर निर्णय बदला असं टीमला सांगता येत नाही. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, त्यांतल्या सहा जणांना दोन आठवडे रोज रात्री व्हॉट्सॲपवर एक व्हॉइस नोट पाठवायला सांगितली: आज भाव कुठे, किती वाजता आणि कशासाठी बघितला. याला डायरी स्टडी म्हणतात. लिहायला सांगितलं असतं तर चौथ्या दिवशी बंद पडलं असतं. दोन, ॲपचे लॉग, म्हणजे ॲप कधी आणि कसं वापरलं गेलं याच्या नोंदी काढल्या. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये लोक स्वतःहून ॲप उघडत होते आणि सकाळचं नोटिफिकेशन बहुतेक जण तसंच सरकवून टाकत होते. मुलाखती, व्हॉइस नोट्स आणि लॉग एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तेव्हा मी टीमसमोर उभी राहिले.

विश्लेषणाची पद्धत साधी आहे, पण ती शिस्तीने करावी लागते. एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण लिहायचं. माणूस काय बोलला, त्याने काय केलं आणि मला काय वाटलं, यांसाठी तीन रंगांच्या चिठ्ठ्या. नवे लोक हमखास चुकतात ते तिसऱ्या रंगात. 'काकांना भावाची चिंता वाटते' हे निरीक्षण नाही, तो आपला अर्थ आहे. 'काकांनी पिकअपवाल्याशी बोलता बोलता तीनदा ॲप उघडलं' हे निरीक्षण. एखाद्या निष्कर्षाखाली फक्त तिसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्या जमल्या असतील, तर तो अहवालात घ्यायचा नाही.

शेवटच्या टप्प्यात युजेबिलिटी टेस्ट घेतली, म्हणजे लोकांच्या हातात ॲप देऊन त्यांना एक काम करायला सांगायचं आणि ते कुठे अडतात ते बघायचं: पाच शेतकरी, आणि घरातला फोन ज्यांच्या हातात असतो अशी पाच तरुण मुलं. पाचचा आकडा जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांच्या १९९३च्या कामातून येतो. एक अडचण एका माणसाला दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत अशा सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण हे गणित स्क्रीनवरच्या अडचणींपुरतं आहे आणि तेही एका प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी. 'पाच जणांशी बोललो, म्हणजे गरज कळली' असं त्यातून निघत नाही.

टेस्टमध्ये मी विचारलं, "तुमच्या चाळीतला कांदा उद्या नेला तर साधारण काय भाव मिळेल, यात दाखवा." स्क्रीनवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही दर सारख्या अक्षरांत होते. बहुतेकांचं बोट कमाल दरावर गेलं. कमाल दर एखाद्याच उत्तम लॉटला मिळालेला असू शकतो. बराचसा माल ज्या दराच्या आसपास जातो, तो सर्वसाधारण दर. कमाल धरून गेलेला माणूस लिलावात नाराज होतो आणि ॲपला खोटं म्हणतो. सपोर्टकडे येणाऱ्या 'भाव चुकीचा दाखवता' या तक्रारींचा उलगडा तिथे झाला.

आणखी एक गोष्ट एका मुलाच्या फोनवर दिसली. गावाच्या ग्रुपवर आमच्याच ॲपचा स्क्रीनशॉट फिरत होता. त्यावर तारीख नव्हती, फक्त 'आजचा भाव' असं लिहिलेलं. तो भाव तीन दिवसांपूर्वीचा होता. ग्रुपमधले लोक त्याखाली आज गाडी भरू का, असं विचारत होते. ते वाचताना मला फार अस्वस्थ वाटलं.

बदललं ते असं. 'भाव अंदाज'चं काम थांबवलं. नोटिफिकेशन संध्याकाळी सातला नेलं आणि त्यात जवळच्या तीन बाजारांचे त्या दिवशीचे दर शेजारी शेजारी दिले. सर्वसाधारण दर मोठ्या अक्षरांत आला, बाकीचे दोन त्याखाली लहान. 'आजचा' हा शब्द काढून वार आणि तारीख दरालाच चिकटवली, म्हणजे स्क्रीनशॉट कसाही कापला तरी ती सोबत जाते. भाडं वजा करून हाती किती येईल ते दाखवावं, असंही मी सुचवलं होतं. ते टीमने घेतलं नाही, कारण भाडं आणि कपात गावागणिक वेगळी आणि चुकीचा आकडा दाखवणं न दाखवण्यापेक्षा वाईट. मला ते पटलं.

अहवालाच्या शेवटच्या पानावर मी नेहमी काय तपासलं नाही ते लिहिते. या वेळी तिथे एकच ओळ होती: बाराही मुलाखती पुरुषांच्या. चाळीत बसून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढणाऱ्या, सडका कांदा आधी ओळखणाऱ्या बायका त्यात नव्हत्या. पुढची फेरी त्यांच्यापासून सुरू केली.