‘नको, आज जाऊ दे’ : उलट कृती करताना या चुका टाळा

आमच्या इमारतीत दर गुरुवारी भजनी मंडळ जमतं. गेल्या वर्षी एका गुरुवारी साडेतीन वाजता मी ग्रुपवर लिहिलं, ‘आज जरा बरं नाहीये, तुम्ही सुरू करा.’ ताप नव्हता, कुणाशी वाजलंही नव्हतं. आठवडाभर मन खाली होतं आणि कुणाचं तोंड बघू नये असं वाटत होतं, एवढंच. मेसेज गेला आणि छातीवरचं ओझं उतरलं. पडदे ओढून पडले. पाचला खालून टाळांचा आवाज यायला लागला आणि मनात आलं, बघ, तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मी समुपदेशक आहे. हे दुष्टचक्र मी रोज दुसऱ्यांना कागदावर काढून दाखवते.

फसगत होते ती त्या सुटकेच्या क्षणी. जाणं रद्द केलं की लगेच हलकं वाटतं, त्यामुळे मेंदू शिकतो की टाळलं की बरं वाटतं. पुढच्या वेळी टाळावंसं वाटणं आणखी जोरात येतं. शिवाय घरात बसल्यावर मन बदलेल असं काही घडतच नाही. ना कुणी काही विचारतं, ना एखादा सूर कानात राहतो. ‘मी कुणाला नकोच आहे’ हा समज खरा की खोटा, हे तपासायलाही समोर कुणी नसतं. म्हणून उदासी खोटी नसली तरी उदासीचं ऐकून केलेली कृती तिलाच खतपाणी घालते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे डीबीटीत, यावर ‘ऑपॉझिट ॲक्शन’ नावाचं कौशल्य शिकवतात. त्याला उलट कृती म्हणू. प्रत्येक भावनेबरोबर एक ओढ येते. भीतीत पळावंसं वाटतं, रागात तुटून पडावंसं वाटतं, उदासीत आत ओढून घ्यावंसं वाटतं. ती ओढ परिस्थितीला धरून नसेल किंवा तिच्यामागे जाण्याने नुकसानच होत असेल, तर नेमकं उलट करायचं. ऐकायला सोपं आहे, पण करताना माणसं ठरावीक ठिकाणी अडकतात. मीही अडकले.

तपासल्याशिवाय उलट करणं. आधी एक प्रश्न विचारायचा : ही ओढ इथे रास्त आहे का? घरात कुणी नुकतंच गेलं असेल, अंगात ताप असेल, किंवा जिथे जायचं तिथे दरवेळी पाणउतारा होत असेल, तर मागे राहणं हाच शहाणपणा असू शकतो. विश्रांती आणि लपणं यांतला फरक मी एका खुणेवरून ओळखते. विश्रांती घेऊन उठल्यावर अंग हलकं वाटतं. लपून उठल्यावर उठणंच जड जातं. त्या गुरुवारी मी दोन तास पडून उठले ती आधीपेक्षा जड होऊन.

इच्छा होण्याची वाट पाहणं. ‘जरा बरं वाटलं की जाईन’ हे वाक्य उदासीत फार पटतं. पण इथे क्रम उलटा असतो, आधी पाय चालतात आणि इच्छा मागून येते, कधी तर घरी परतल्यावर. त्यामुळे ‘जावंसं वाटतंय का’ असं स्वतःला विचारूच नका. ‘चप्पल कुठे आहे’ एवढंच बघा.

अर्धवट करणं. ही सगळ्यांत मोठी चूक, आणि सगळ्यांत फसवीही, कारण करणाऱ्याला वाटतं आपण केलं. दुसऱ्या गुरुवारी मी गेले. दाराशी बसले, टाळ मांडीवर ठेवले, ओठ मिटलेले, नजर सतरंजीवर, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ. वीस मिनिटांत उठून आले. मन जाताना होतं त्यापेक्षाही वाईट. ‘बघ, या युक्तीत काही दम नाही,’ असंही वाटून गेलं.

खरं तर मी उलट कृती केलीच नव्हती. जागा बदलली होती, पण शरीर ओढीचंच ऐकत होतं. खाली मान, मिटलेले ओठ, दाराजवळची जागा, ‘बघ, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही’ असं मनात चाललेलं, हे सगळं अंग चोरणंच होतं. डीबीटीत कृती पूर्ण करायला सांगतात, आणि त्यात बसण्याची ढब, चेहरा, आवाज, लक्ष कुठे आहे, सगळं येतं.

तिसऱ्या गुरुवारी मी वेळ कमी केला, पण कृती पूर्ण ठेवली. फक्त तीन अभंग, साधारण अर्धा तास, असं ठरवलं. जागा पेटीवाल्या काकूंच्या शेजारी. टाळ हातात, फोन घरी, आवाज फुटेल तसा पण मोठ्याने, आणि लक्ष भटकलं की पुन्हा शब्दांवर. निघण्यापूर्वी शून्य ते दहाच्या पट्टीवर मन दोनवर होतं. पहिल्या अभंगात ते एकवर उतरलं! हे आधी माहीत नसेल तर माणूस इथेच उठतो. दुसऱ्या अभंगात टाळ चुकला, काकू हसल्या, मीही हसले. निघताना मन चारवर होतं. चार म्हणजे काही आनंद नव्हे, पण रात्री पोळ्या लाटता आल्या.

खूप मोठं पाऊल उचलणं. आठवडाभर खोलीत असलेल्या माणसाने थेट दोनशे माणसांच्या लग्नाला जाऊ नये. तिथून तासाभरात पळावं लागतं, आणि पळाल्यावर पुन्हा तीच सुटका, तोच धडा. जिन्यात शेजारणीशी दोन वाक्यं, वाण्याकडे स्वतः जाऊन पावशेर रवा, बहिणीला दहा मिनिटांचा फोन, इथून सुरुवात चालते. पण मान वर, डोळ्यांत बघून, ऐकू जाईल अशा आवाजात.

मुखवटा चढवणं. उलट कृती म्हणजे ‘मी मजेत’चं नाटक नव्हे. काकूंनी विचारलं, ‘अगं, गेल्या गुरुवारी घसा बसला होता का?’ मी म्हटलं, ‘नाही काकू, मनच बसलंय जरा. पण आलेय.’ त्या म्हणाल्या, ‘मग झांज घे आज, टाळ राहू दे,’ आणि पुढचा अभंग सुरू केला. दुःख झाकायला ताकद लागते, आणि माणूस जवळ येण्याआधीच परत जातो. दुःख आहे हे मान्य करायचं, फक्त त्याचा हुकूम मानायचा नाही.

एकदा करून निकाल लावणं. माझे चार दुसऱ्या सकाळी तीनवर आले होते. म्हणून एकाच प्रसंगावरून ठरवू नका. निघण्यापूर्वीचा आकडा, परतल्यावरचा आकडा आणि ‘मला काय होईल असं वाटलं होतं’ एवढं वहीत लिहा. आठवड्यात चार-पाच नोंदी झाल्या की आपला अंदाज वास्तवापेक्षा किती काळा असतो ते दिसायला लागतं. नोंदी करूनही आकडा कधीच हलत नसेल, तर आधी कृती अर्धवट होती का ते बघा. तशी नव्हती, तर माणसं किंवा जागा चुकली असेल.

आणि काही वेळा प्रश्न कौशल्याचा नसतोच. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन खाली असेल, झोप-भूक बिघडली असेल, अंघोळही डोंगर वाटत असेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उलट कृती उपचारांच्या जोडीने करता येते. जगणं नको असे विचार येत असतील तर एकटं राहून वही भरत बसू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

चौथ्या गुरुवारी साडेतीनला माझा अंगठा पुन्हा ग्रुपवर गेला होता. ‘आज जरा’ एवढं टाइप झालं होतं. ते पुसलं आणि लिहिलं, ‘आज जरा उशीर होईल, झांज माझ्यासाठी ठेवा.’