नकार आल्यावर 'का?' विचारणारा मेल कसा लिहावा

हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांना डक्टिंगचे कूलर बसवून देतो. फेब्रुवारीत कोटेशनं जातात, मार्चमध्ये नकार येतात. नकाराचं कारण फोनवर विचारलं की एकच उत्तर मिळतं: "जाऊ द्या ना भाऊ, रेट जरा जास्त होता." हे उत्तर खरं नसतं, फोन लवकर ठेवायला बरं पडतं इतकंच. म्हणून मेल लिहायचा.

नकार आला त्याच दिवशी लिहू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या. ज्या मेलवर कोटेशन गेलं होतं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे समोरच्याला जुनं काही शोधावं लागत नाही. ज्याने नकार कळवला त्यालाच लिहा. त्याच्या साहेबांना सीसीत टाकलं की ती तक्रार होते. सोबत ब्रोशर, फोटो, नवा रेट काहीही जोडू नका. सरकारी टेंडर असेल तर हा मेल लिहूच नका, तिथला निकाल नियमाने लागतो.

आता खरी अडचण. पहिली दोन वर्षं माझ्या मेलमध्ये असं वाक्य असायचं: "आमचा दर्जा आणि सर्व्हिस चांगली असूनही काम का मिळालं नाही, ते कळवावे." मला ते नम्र वाटायचं. वाचणाऱ्याला त्यात 'तुम्ही चुकलात' एवढंच ऐकू येतं, आणि माणूस स्वतःचा निर्णय राखायला लागला की पुन्हा रेटवरच जाऊन थांबतो. मग मी पर्याय द्यायला लागलो: रेट, वेळ की सर्व्हिस? सगळ्यांनी रेटच निवडला. सोपं पडतं ना! पर्याय देऊ नका. 'असूनही', 'तरीही', 'खरं तर' हे शब्द दिसले की वाक्यच खोडा. आणि 'का' ऐवजी 'कुठे' विचारा. 'का' म्हटलं की त्याला निर्णयाचा हिशोब द्यावा लागतो, 'कुठे' म्हटलं की तो कागदावर बोट ठेवतो.

मी आता असा लिहितो:

नमस्कार सर,
काम दुसऱ्यांना दिल्याचं स्पष्ट कळवलंत, आभारी आहे. निर्णय बदलावा म्हणून हा मेल नाही.
एकच विचारायचं आहे. कोटेशनं शेजारी-शेजारी ठेवली तेव्हा आमचं नेमकं कुठे अडलं?
दोन ओळी पुरेत, कडू असल्या तरी चालतील. वेळ नसेल तर उत्तर नाही दिलंत तरी हरकत नाही.

'निर्णय बदलावा म्हणून नाही' हे मनापासून असेल तरच लिहा. अजून काम ओढून आणायचा विचार असेल तर तो मेल वेगळा.

गेल्या वर्षी एका पॅकेजिंगवाल्यांनी यावर लिहिलं: "पॅड बदलायचा खर्च तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हता. दुसऱ्याने लिहिला होता. बोअरचं पाणी जड आहे, पॅडवर क्षार चढतो हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही लपवताय असं आमच्या शेठना वाटलं."

वाचून कानशिलं तापली. लपवत कसला होतो! पॅडचा पहिला बदल मी फुकट देतो, म्हणून तर लिहिला नव्हता. हे समजावणारा मेल अर्धा टाईपही झाला होता. तो पाठवला असता तर त्यांना कळलं असतं की मी विचारलं ते ऐकायला नाही, वाद घालायला. पुसून टाकला आणि लिहिलं: "धन्यवाद सर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या कोटेशनपासून ही ओळ वेगळी लिहीन." फुकट बदलाचा उल्लेखही केला नाही. उत्तर खोटं असो, अर्धवट असो, अन्यायाचं असो, परत एवढंच लिहायचं. तुमची बाजू खरी असली तरी ती इथे मांडायची नाही.

एका उत्तरावर रेट किंवा माल बदलू नका, तेच दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत थांबा. कोटेशनमध्ये एक ओळ वाढवायची असेल तर मात्र थांबायचं कारण नाही, तिला पैसे पडत नाहीत. माझ्या कोटेशनमध्ये आता एकूण रकमेच्या वरच ती असते: 'पॅड, पहिला बदल: ० रुपये.' खाली दुसऱ्या बदलाचा रेट.

उत्तर आलंच नाही तर आठवण करून देणारा मेल पाठवू नका.