एक्झिमा भडकल्यावर ब्लीच-स्नान आणि वेट रॅप: या चुका टाळा

लहान मुलाचा एक्झिमा भडकला की डॉक्टर कधी कधी दोन उपाय सुचवतात: अगदी पातळ ब्लीचच्या पाण्यात आंघोळ, आणि मलम लावून वर ओला कपडा गुंडाळणं. दोन्ही साधे दिसतात आणि घरीच करायचे असतात. पण ते बिघडतात ते बहुतेकदा मापात आणि क्रमात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'अर्धा कप ब्लीच' हे ऐकीव माप. ते साधारण 150 लिटरच्या भरलेल्या बाथटबसाठी आहे. समजा, चार वर्षांच्या मुलाच्या छोट्या टबात 20 लिटर पाणी आहे आणि आईने 5 टक्के हायपोक्लोराइटचं ब्लीच अर्धा कप, म्हणजे 120 मिली ओतलं. हवं होतं 0.005 टक्के, झालं 0.03 टक्के, म्हणजे सहापट. मूल रडतं, त्वचा आणखी लाल होते आणि घरातले म्हणतात, 'ब्लीच सोसत नाही याला.' हिशेब सोपा आहे: बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर दर लिटर पाण्याला 1 मिली. या टबाला 20 मिली. ते सिरिंजने किंवा औषधाच्या मापाने मोजा, झाकणाने नको. बाटलीवरचा टक्का वेगळा असेल तर माप बदलतं, आणि टक्का लिहिलेलाच नसेल तर ती बाटली वापरू नका. सुगंधी, घट्ट किंवा साबण मिसळलेलं ब्लीचही नको. त्यात व्हिनेगर, जंतुनाशक वगैरे काहीही मिसळायचं नाही, कारण विषारी वायू तयार होऊ शकतो.

आधी कोमट पाणी भरा, मग ब्लीच घालून ढवळा, आणि मगच मुलाला आत बसवा. मुलाला टबात एकटं सोडू नका. मान-तोंड बाहेर, डोळ्यांत पाणी नाही, पाच ते दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. नंतर साध्या पाण्याने अंग धुवा.

हे पाणी जंतू मारून काम करतं, असं पूर्वी समजलं जायचं. एक्झिमाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू भरपूर वाढतो, हे खरंच आहे. पण प्रयोगशाळेत इतक्या पातळ द्रावणाने तो फारसा मरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगात हायपोक्लोराइटने दाह वाढवणारा पेशींमधला एक संकेत दाबलेला दिसला आहे. मुलांवरच्या अभ्यासांत फायदा बेताचा दिसतो, काही चाचण्यांत तर साध्या पाण्याच्या आंघोळीनेही जवळपास तितकाच. म्हणून 'जास्त घातलं तर जास्त गुण' हा विचार इथे चालतच नाही.

आंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. ओलसरपणा असतानाच, दोन-तीन मिनिटांत, चट्ट्यांवर डॉक्टरांनी सांगितलेलं स्टेरॉइड मलम आणि बाकी त्वचेवर मॉइश्चरायझर भरपूर लावा. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती थर आणि त्यावर कोरडा सुती थर. नळीसारखी पट्टी नसेल तर अंगाला बसणारे दोन सुती नाइटसूट चालतात. आतला थर ओला, पण पाणी गळू नये इतका पिळलेला. पाणी हळूहळू उडताना त्वचा गार होते, खाज कमी होते, कपड्यामुळे खाजवताही येत नाही आणि मलम आत जास्त मुरतं.

हेच जास्त मुरणं धोक्याचंही आहे. झाकलेल्या त्वचेतून स्टेरॉइड अधिक शोषलं जातं, म्हणून रॅपखालचं मलम सहसा सौम्य किंवा पातळ केलेलं असतं. रोजचं तीव्र मलम 'लवकर बरं व्हावं' म्हणून गुंडाळायचं नाही, आणि चेहऱ्यावर रॅप डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय नाही. बहुधा दोन-तीन तास किंवा रात्रभर, काही दिवस ते जास्तीत जास्त दोन आठवडे. पुढे चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

आतला थर वाळला की तो उलट काम करतो: कोरडा कपडा त्वचेतला ओलावा ओढतो आणि तो काढताना चिकटलेली खपली निघते. वाळत आला असेल तर कोमट पाणी शिंपडा, नाही तर काढून मॉइश्चरायझर लावा. मूल कुडकुडत असेल तर रॅप लगेच काढा. केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या उठल्या तर मलम फार जाड थरात बसलंय असं समजा आणि थांबा.

आणि एक गोष्ट रॅप बांधण्याआधी उजेडात पाहायची: पिवळसर खपली, पू, वाढता गरमपणा. संसर्ग झालेल्या त्वचेवर रॅप बांधला तर संसर्ग ओलाव्यात वाढतो. एकसारख्या आकाराच्या, दुखणाऱ्या बारीक फोडांचा किंवा गोल खड्ड्यांसारख्या जखमांचा पुंजका दिसला, सोबत ताप असो वा नसो, तर नागिणीसारख्या हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्या दिवशी ना टब ना रॅप, थेट डॉक्टरांकडे. डोळ्यांजवळ फोड असतील तर सकाळची वाटसुद्धा पाहू नका.