रूमभाड्यामुळे क्लेम कापला? आधी औषधांची ओळ तपासा

हॉस्पिटलचं तपशीलवार बिल आणि विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर शेजारी ठेवा. लेटरमध्ये 'प्रपोर्शनेट डिडक्शन', म्हणजे रूमभाडं मर्यादेपेक्षा जास्त झाल्यामुळे त्याच प्रमाणात बाकीच्या बिलातही केलेली कपात, दिसलं, तर ते कोणकोणत्या ओळींना लावलंय ते बघा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

समजा, पॉलिसी पाच लाखांची आहे आणि रूमभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज 5,000 रुपये. कोथरूडच्या एखाद्या हॉस्पिटलात तुम्ही 8,000 ची रूम घेतलीत, तर भाड्यातले 3,000 तुमच्या खिशातून जाणार. शिवाय सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटरचं 80,000 चं बिलही पाच-अष्टमांशच, म्हणजे 50,000 मंजूर होतं. मनाला पटत नाही, पण पॉलिसीत अट असेल तर ही कपात नियमाला धरूनच आहे.

मात्र औषधं, इम्प्लांट आणि रक्ततपासणी, एक्स-रे यांना हे प्रमाण लागत नाही. त्यांचे 48,000 झाले असतील आणि लेटरमध्ये 30,000 च मंजूर दिसत असतील, तर 18,000 चुकीचे कापलेत. (हातमोजे, मास्क वगैरे 'नॉन-पेएबल' वस्तूंची कपात वेगळी, ती आधी बाजूला काढा.) रूमच्या दर्जानुसार हॉस्पिटलचे दर बदलत नसतील, तर 80,000 वरची कपातही चालत नाही. हॉस्पिटलकडून तसं लेखी घ्या.

मग ही कपात कोणत्या खर्चांना लागते ते सांगणारी पॉलिसीतली 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'ची व्याख्या जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. महिन्याभरात दाद लागली नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथल्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही.