डेंग्यूवर दोन मिनिटांचा जनजागृती व्हिडिओ: आधी शेवट लिहा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरात पिंपं भरलेली असतात. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. या एकाच गोष्टीवर व्हिडिओ करायचा असेल, तर लिहायला शेवटापासून बसा.

शेवटच्या २५ सेकंदांत प्रेक्षकाला एकच काम सांगायचं. ‘परिसर स्वच्छ ठेवा’ हे काम नव्हे, कारण ते कधी आणि कशाने करायचं हे त्यातून कळत नाही. ‘पाणी साठवू नका’ हे तर इथे सांगूच नये. त्याऐवजी असं म्हणा: “पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पिंपातलं उरलेलं पाणी कपडे धुवायला वापरा. पिंप आतून ब्रशने घासा, वाळू द्या. भरल्यावर तोंडाला कापड बांधा.” हे बोलणं चालू असताना पडद्यावर पिंप घासणारा हात दिसू दे. घासायचं का, हेही एका वाक्यात सांगा. डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती पिंपातच राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात.

आता सुरुवात. पहिल्या २० सेकंदांत संस्थेचं नाव नको, मान्यवरही नकोत. नळ सुटलाय, घरातली बाई पिंप भरतेय आणि म्हणतेय, “आमच्या घराजवळ गटार नाही, मग पोराला डेंग्यू झाला कसा?” पुढची ३० सेकंदं तिला शोधू द्या. ती अंगण बघते, नाली बघते, पण सापडत काहीच नाही.

पन्नासाव्या सेकंदाच्या आसपास कलाटणी येते. ती निवेदनातून सांगू नका, दाखवा. आपल्या शहरात मराठीबरोबरच तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरंही बरीच आहेत, त्यामुळे हा क्षण आवाजाशिवायही कळायला हवा. पिंपात टॉर्च मारून चित्रीकरण करू गेलात तर उजेड पडताच अळ्या तळाशी जातात आणि हाती काही लागत नाही. वरचं पाणी हळूच पांढऱ्या वाटीत घ्या आणि मोबाईल अगदी जवळ धरा. वळवळणाऱ्या अळ्या स्पष्ट दिसतील. हे दृश्य आठ-दहा सेकंद न कापता ठेवा, मग बाईचा चेहरा दाखवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, ते इथेच सांगा. म्हणजे आठवड्यातून एकदा घासणं का पुरतं, हे आपोआप पटतं.

एकूण निवेदन दोनशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर निवेदकाला धावत वाचावं लागतं.

पाठवण्याआधी शेजारच्या दोघा-तिघांना दाखवा आणि विचारा, “उद्या काय कराल?” उत्तर ‘स्वच्छता ठेवू’ असं आलं तर शेवट नव्याने लिहा. ‘पिंप घासू’ आलं तर कधी घासाल तेही विचारा.