रिक्रूटरचा मेसेज आला, रस आहे, पण आधी तपशील हवेत: उत्तर कसं द्यावं

लिंक्डइनवर असा मेसेज येतो: ‘आमच्या एका नामांकित एमएनसी क्लायंटकडे जावा बॅकएंड डेव्हलपरची तातडीची जागा आहे, अनुभव सहा ते नऊ वर्षं, ठिकाण पुणे. इच्छुक असल्यास अपडेटेड सीव्ही, सध्याची सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटिस पीरियड पाठवा.’ कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, काम काय तेही धड नाही. तरी मन जरा हलतं, कारण सध्याच्या नोकरीत तसंही काही नवं घडत नसतं. बारा वर्षांत मी अशा मेसेजना इतक्या वेळा उत्तरं दिली आहेत की आता सवयीने हात चालतो. हे लिहिलं आहे ते ‘नको’ म्हणायचं नाही, पण आंधळेपणाने ‘हो’ही म्हणायचं नाही, अशा वेळेसाठी.

आधी समोर कोण आहे ते बघा. प्रोफाइलवर ती व्यक्ती त्याच कंपनीत टॅलेंट अॅक्विझिशनमध्ये काम करते, की कन्सल्टन्सीत? मेसेजमध्ये ‘आमचा क्लायंट’ हे शब्द असले तर कन्सल्टन्सी. पुढचं सगळं यावर ठरतं.

उत्तर एक-दोन दिवसांत द्या, पण तयार बटण दाबून नाही. मेसेजखाली रस असल्याचं कळवणारं आयतं उत्तर दिसत असेल तर ते सोडून द्या. त्याने फक्त होकार पोचतो, प्रश्न एकही पोचत नाही. उत्तर द्यायला संकोच वाटत असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या: रिक्रूटर इनमेल पाठवतो तेव्हा त्याचं एक क्रेडिट खर्च होतं, आणि ९० दिवसांच्या आत उत्तर आलं तर ते त्याला परत मिळतं, नकार आला तरी. तुमचे चार प्रश्न म्हणजे त्याच्यावर ओझं नव्हे.

पहिलं उत्तर पाच वाक्यांचं. ते अर्थात इंग्रजीत जाईल, पण त्याचा आशय असा:

> नमस्कार, मेसेजबद्दल धन्यवाद. बॅकएंडमध्ये माझा आठ वर्षांचा अनुभव आहे आणि या भूमिकेबद्दल जाणून घ्यायला आवडेल. नोटिस पीरियड ६० दिवसांचा आहे. पुढे जाण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर बरं: कंपनी कोणती आणि नेमणूक थेट तिच्याच पेरोलवर का, या जागेसाठी फिक्स्ड पगाराची मर्यादा किती, आणि आठवड्यातले किती दिवस कुठल्या ऑफिसला जायचं. जेडी असेल तर इथेच पाठवा, बघून लगेच कळवते.

‘कृपया अधिक माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. मोघम प्रश्नाला दोन परिच्छेदांचं जाहिरातवजा उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. प्रश्न असे हवेत की समोरच्याला प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत देता यावं. नोटिस पीरियड मात्र न विचारताही सांगून टाका. ती माहिती दिल्याने आपलं काही जात नाही, आणि त्यांना पंधरा दिवसांत रुजू होणारा माणूस हवा असेल तर दोघांचाही वेळ वाचतो.

आता खरी अडचण. दहापैकी सहा वेळा तुमच्या तीन प्रश्नांना उत्तर न देता पुन्हा तोच फॉर्म येतो: पूर्ण नाव, जन्मतारीख, एकूण अनुभव, सीसीटीसी, ईसीटीसी, सीव्ही. वर ‘लवकर पाठवा, आज प्रोफाइल सबमिट करायची आहे’. इथे मी पूर्वी दर वेळी ढेपाळायची. वाटायचं, एवढं मागतायत तर देऊन टाकावं, नाही तर संधी जाईल.

एकदा असंच देऊन टाकलं. कन्सल्टन्सीने क्लायंटचं नाव ‘शॉर्टलिस्ट झाल्यावर सांगू’ म्हटलं होतं, मी सीव्ही पाठवला आणि विसरले. तीन आठवड्यांनी एका मैत्रिणीने तिच्या कंपनीत मला रेफर केलं. तिच्या एचआरकडून उत्तर आलं की ही प्रोफाइल आधीच एका व्हेंडरकडून सिस्टीममध्ये आली आहे. म्हणजे माझ्या सीव्हीवर ‘मालकी’ त्या कन्सल्टन्सीची. अशी मालकी बऱ्याच ठिकाणी सहा महिने चालते. रेफरल बाद झालं, आणि व्हेंडरकडून गेलेली प्रोफाइल कोणी उघडूनही पाहिली नव्हती. मैत्रिणीचा बोनस गेला तो वेगळाच. त्या दिवाळीत तिने फराळाचा डबा पाठवला तोही जरा हलकाच होता.

म्हणून माझा नियम ठाम आहे: कंपनीचं नाव कळल्याशिवाय सीव्ही जात नाही. कितीही तातडी असो.

तरी कन्सल्टन्सीची अडचण समजून घ्या, नाही तर उगाच भांडण होतं. तुम्ही रुजू झालात तर क्लायंट त्यांना फी देतो. आपल्याकडे ती पुष्कळदा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. नाव सांगितलं आणि तुम्ही कंपनीच्या साइटवर थेट अर्ज केलात तर ती फी बुडते. म्हणून नाव लिहून द्यायला ते कचरतात. ‘तुम्ही पारदर्शक नाही आहात’ असं सुनावून काही होत नाही. मी असं लिहिते:

> नाव लेखी देणं अडचणीचं असेल तर फोनवर सांगितलं तरी चालेल. याआधी कुठून माझी प्रोफाइल त्याच कंपनीत गेलेली नाही ना, हे मला तपासायचं आहे, नाही तर डुप्लिकेट होऊन तुमचंही नुकसान होईल.

‘डुप्लिकेट’ हा शब्द कामाचा आहे. त्या भीतीने बहुतेक जण फोन करतात. एवढं लिहूनही नाव मिळत नसेल तर मी थांबते. अशा जागा पुष्कळदा अजून मंजूर झालेल्याच नसतात. नुसती सीव्हींची थप्पी जमवणं चालू असतं.

पेरोलचा प्रश्नही याच टप्प्यावर लावून धरा. ‘क्लायंट मोठा आहे’ यात नेमणूक क्लायंटची आहे असं कुठेच म्हटलेलं नसतं. सी-टू-एच, म्हणजे आधी कंत्राट आणि पुढे जमलं तर कायम, अशी जागा असेल तर पगार कन्सल्टन्सी देणार, आयडी कार्ड क्लायंटचं असणार, आणि प्रोजेक्ट संपला की आधी तुम्ही बाहेर. ती जागा घेऊच नये असं मी म्हणत नाही. तिसऱ्या राउंडनंतर हे कळू नये, इतकंच.

आणि सीटीसी. ‘सध्याचा पगार कधीच सांगू नका’ असा सल्ला सगळीकडे फिरतो. तो अमेरिकेतून उचललेला आहे. कॅलिफोर्नियात २०१८ पासून मालकाला उमेदवाराचा आधीचा पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे. भारतात असा कायदा नाही, आणि ऑफरच्या वेळी बहुतेक कंपन्या पगाराच्या स्लिपा मागतातच. त्यामुळे इथे शेवटपर्यंत तोंड मिटून बसणं व्यवहारात टिकत नाही, आणि आकडा फुगवून सांगणं तर सरळ अंगाशी येतं. प्रश्न फक्त क्रमाचा आहे: आधी त्यांची मर्यादा, मग तुमचा आकडा. ‘तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर माझी सध्याची रचना सांगते’ एवढं लिहिलं की पुरे.

मर्यादा विचारताना ‘फिक्स्ड’ हा शब्द गाळू नका. का ते एका हिशेबात सांगते. समजा तुमची सीटीसी १८ लाख आहे, व्हेरिएबल काही नाही. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून १.२ लाख. उरले १६.८ लाख, म्हणजे महिन्याला १ लाख ४० हजार, तुमचा पीएफ आणि कर कापण्याआधी. आता मेसेज आला ‘२४ लाखांपर्यंत’. त्यात जॉइनिंग बोनस २ लाख, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. व्हेरिएबल १० टक्के, म्हणजे २.४ लाख, मिळालं तर वर्षाअखेरीस. पीएफ आणि ग्रॅच्युइटी १.६ लाख. उरले १८ लाख, महिन्याला दीड लाख. कागदावर सहा लाखांची उडी, आणि दर महिन्याला वाढले १० हजार. त्यात हिंजवडीऐवजी खराडीला आठवड्यातून पाच दिवस जायचं असेल आणि घर वाकडला असेल, तर पेट्रोल आणि रोजचे दोन-अडीच तास यांतच ती वाढ गेली.

‘एवढी हाइक मिळतेय तर काय हरकत आहे’ म्हणणाऱ्या मामेभावाला मी हाच हिशेब मांडून दाखवला होता. त्याने तरीही ती ऑफर घेतली, कारण काम त्याच्या आवडीचं होतं. ते ठीक आहे, त्याला आकडा माहीत होता.

फोन आला तर आधी जेडी मागवा, आणि बोलणं ऑफिसच्या वेळेबाहेर, दहा मिनिटांत आटपा. जेडी मागवताना खासगी ईमेल द्या, ऑफिसचा नको.

सगळं पटलं की परवानगी लेखी द्या, आणि नेमकी: ‘अमुक कंपनीतल्या अमुक जागेसाठी माझी प्रोफाइल सबमिट करायला माझी संमती आहे. दुसऱ्या कुठल्या जागेसाठी पाठवण्याआधी मला विचारा.’ हे दुसरं वाक्य विसरू नका. नाही तर तोच सीव्ही आणखी चार क्लायंटकडे जातो, आणि फराळाच्या डब्याची कथा पुन्हा घडते. सीव्हीवर घरचा पत्ता आणि जन्मतारीख ठेवू नका. काही व्हेंडर पोर्टलांना उमेदवार ओळखण्यासाठी जन्मतारीख किंवा पॅन लागतो. तसं असेल तर कंपनीचं नाव कळल्यानंतर, आणि कशासाठी ते विचारून द्या. आधारची प्रत या टप्प्यावर कोणालाच देऊ नका. नोंदणी, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिट म्हणून पैसे मागितले तर तो रिक्रूटर नव्हेच, तिथेच ब्लॉक करून रिपोर्ट करा.

आणि एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, रिक्रूटर, कन्सल्टन्सी, कंपनी, जागा, सीव्ही गेला की नाही. माझ्याकडे आता त्यात ६३ ओळी आहेत. सीव्ही गेलेल्या फक्त अकरा.