हिरवं पडलेलं तांब्याचं घंगाळ : आधी कारण शोधा, मग घासा

सातारच्या बाजूच्या एका जुन्या घरात न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक घंगाळ कित्येक वर्षं पालथं पडून होतं. सुट्टीला आलेल्या नातीने ते उलटं केलं आणि विचारलं, “आजी, याला शेवाळ आलंय का?” आजी चिंच भिजत घालायला उठली होती. नात म्हणाली, “थांब ना, आधी मला बघू दे.” हा क्रम बरोबर आहे. घासल्यावर कारण दिसत नाही.

हिरवं नेमकं कुठे आहे ते पाहा. नातीला ते सगळीकडे सारखं दिसलं नाही. जो काठ ओल्या फरशीला टेकला होता तो जाड हिरवा होता. कड्या जिथे बसवलेल्या, त्या सांध्यांत हिरवट गोळे होते. बाहेरून एक हिरवी रेघ खाली उतरली होती. वर पाहिलं तर छपरातून तिथेच थेंब पडत होते. उरलेलं घंगाळ नुसतं काळपट तपकिरी. म्हणजे जिथे ओल, तिथे हिरवं.

तांब्याला हवा लागली की आधी ऑक्साइडचा तपकिरी-काळा थर बसतो. वर ओल टिकली, तर हवेतला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून हळूहळू हिरवं कॉपर कार्बोनेट तयार होतं. शाळेच्या पुस्तकात याला क्षरण म्हणतात. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन गळतो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. तांब्याचा हा थर मात्र बहुधा चिकटून राहतो, म्हणून इतक्या वर्षांनीही पत्रा शाबूत असतो. शेवाळाची शंका असेल तर नखाने दाबून पाहा: शेवाळ मऊ, बुळबुळीत लागतं, हे कडक आणि भुकटीसारखं.

लिंबाचा थेंब टाका. एक थेंब हिरव्या डागावर, एक काळपट भागावर. हिरव्यावर बारीक बुडबुडे दिसले, तर आम्लाने कार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय असं समजा. नातीने भिंग लावून ते मोजायला घेतले, आणि अर्थातच नाद सोडला. काळ्या भागावर बुडबुडे नाहीत. तिथे थोड्या वेळाने गुलाबीसर तांबं उघडं पडलं. समुद्राकाठच्या भांड्यावर बुडबुडे कमी आले तर नवल नाही, कारण खाऱ्या हवेत हिरव्या थरात क्लोराइडही असतात.

आता घासा, पण कोरडं खरवडू नका. ती भुकटी नाकातोंडात जाऊ नये, पोटात गेली तर उलट्या होतात. भांडं ओलं करा, हातमोजे घाला. लिंबाएवढी चिंच वाटीभर कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा, त्यात चमचाभर मीठ घाला. जाड डागांवर कोळात भिजलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग काथ्याने घासा. तारेची घासणी नको, ओरखडे उरतात आणि त्यांत ओल धरून राहते. सांध्यांसाठी जुना टूथब्रश घ्या. एका खेपेला निघालं नाही तर पुन्हा कोळ लावा, जोर वाढवू नका.

घासण्यापेक्षा धुण्याकडे लक्ष द्या. बहुतेक जण इथेच घाई करतात. आंबट आणि मीठ सांध्यांत राहिलं तर चकचकीत भांडं लवकरच पुन्हा डागाळतं. साबणाने धुवा, मग भरपूर साध्या पाण्याने, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा. हिरवं झालेलं पाणी झाडांना घालू नका.

काही दिवसांनी त्याच जागी फिकट हिरवी भुकटी पुन्हा आली, तर तिथे खार मुरला आहे. पुन्हा पुन्हा साध्या पाण्यात भिजवून वाळवा. तरीही आली तर ते भांडं शोभेलाच ठेवा. सांधा झिरपतो का तेही पाहा: पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा, कागद भिजला तर तांबटाकडे न्यायला हवं.

जुनी मूर्ती, नाणं किंवा ज्यावर अक्षरं कोरलीत असं भांडं असेल, तर मात्र यातलं काहीच करू नका. त्या थरातच त्याचा इतिहास असतो, आणि घासल्याने अक्षरं पुसट होतात.

घंगाळ आंघोळीचं, त्याला एवढं पुरे. पिण्याच्या पाण्याचं भांडं असेल तर आतून हिरवा ठिपकाही राहता कामा नये, आणि त्यात साधं पाणीच ठेवावं. ताक, कोकम, लिंबूपाणी यांत तांबं उतरतं. ताक कळकतं ते यामुळेच. स्वयंपाकाला वापरायचं असेल तर आतून कल्हई करून घ्या, आणि ती झिजून तांबं दिसू लागलं की पुन्हा करा.